स्टेप्ड वेज चाचणी: 8 चा 1 का झाला, आणि पेपरमध्ये काळाचा कल कसा मांडायचा

प्रश्न: 12 ग्रामीण रुग्णालयं, तीन-तीनचे 4 गट, तीन-तीन महिन्यांचे 5 कालखंड. उपक्रम म्हणजे प्रसूतीसाठी आलेल्या बाईचा रक्तदाब पहिल्या अर्ध्या तासात मोजला जावा म्हणून नर्सचं प्रशिक्षण आणि केसपेपरवर वेगळा रकाना. उपक्रमाआधी 44 टक्के, नंतर 52 टक्के, पी-व्हॅल्यू 0.001 च्या खाली. समीक्षकांनी काळाचा कल धरायला सांगितला. मॉडेलमध्ये कालखंड घातला तर फरक 1 टक्क्यावर आला. आता कोणता आकडा द्यायचा, आणि डॉक्टर वाचकांना हे कसं समजावायचं?

उत्तर:

8 हा आकडा परिणाम म्हणून देता येणार नाही. पण 1 वरही लगेच सही करू नका. तो आकडा एका गृहीतकावर उभा आहे, आणि तुमच्यासारख्या उपक्रमात ते गृहीतक बहुधा टिकत नाही. आधी 8 चं बघू.

स्टेप्ड वेजमध्ये सगळी रुग्णालयं जुन्या पद्धतीत सुरुवात करतात आणि चिठ्ठी निघेल त्या क्रमाने एकेक गट उपक्रमात येतो. त्यामुळे उपक्रमाआधीची नोंद मुख्यतः चाचणीच्या सुरुवातीची असते आणि उपक्रमानंतरची मुख्यतः शेवटची. हा आराखड्याचाच गुण आहे, चिठ्ठ्या कितीही प्रामाणिकपणे काढल्या तरी तो जात नाही. मधल्या सव्वा वर्षात वरून एखादं परिपत्रक आलं, रक्तदाबाची नवी यंत्रं आली, शेजारच्या तालुक्यात एक माता दगावल्यावर सगळेच सावध झाले, तर ती सुधारणा आपोआप उपक्रमाच्या खात्यात जमा होते.

आकड्यांत बघा. समजा उपक्रमाचा परिणाम शून्य आहे, आणि सगळ्या रुग्णालयांत प्रमाण दर कालखंडाला 4 ने वाढतंय: 40, 44, 48, 52, 56. प्रत्येक गट आणि कालखंड मिळून एक खण धरला तर एकूण 20 खण होतात, त्यातले 10 जुन्या पद्धतीचे आणि 10 उपक्रमाचे. जुन्या पद्धतीचे खण पहिल्या कालखंडात 4, मग 3, 2, 1 आणि शेवटी एकही नाही. त्यांची सरासरी: 40 चार वेळा, 44 तीन वेळा, 48 दोन वेळा, 52 एकदा, बेरीज 440, सरासरी 44. उपक्रमाच्या खणांची बेरीज 520, सरासरी 52.

म्हणजे तुमचे आकडे, जसेच्या तसे, उपक्रमाने काहीही न करता येऊ शकतात. पी-व्हॅल्यू कितीही लहान असली तरी ती इथे मदतीला येत नाही. तुम्ही ती काय-स्क्वेअरने काढली असेल, तर प्रत्येक बाई स्वतंत्र नोंद धरली गेली. एकाच रुग्णालयातल्या, एकाच प्रसूतिकक्षातल्या बायका एकमेकींसारख्या असतात हे त्यात आलंच नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे हसी आणि ह्यूज यांनी 2007 मध्ये मांडलेलं मॉडेल. प्रत्येक कालखंडाला स्वतःचं पद, रुग्णालयाला स्वतःचा रँडम इफेक्ट, आणि उपक्रम चालू आहे की नाही याचं एक पद. तुम्ही बहुधा हेच चालवलंत. कालखंड आकडा म्हणून, सरळ रेषेत घातला असेल तर आधी तो बदला. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की बाया उशिरा पोचतात, मे-जूनमध्ये बदल्या होतात, नवा कर्मचारीवर्ग रुळायला वेळ लागतो. असला कल सरळ रेषेत चालत नाही, आणि रेषेतून सुटलेला भाग उपक्रमाच्या पदात शिरतो. पाच कालखंडांना पाच वेगळी पदं देणं तुम्हाला सहज परवडतं.

आता तुमचा 1. या मॉडेलमध्ये उपक्रमाचं पद एकच आहे. म्हणजे उपक्रम ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवशी परिणाम पूर्ण उंचीवर पोचला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, असं आपण मॉडेलला सांगितलं. लसीकरणासारख्या गोष्टीत हे कदाचित चालेल. नर्सचं प्रशिक्षण आणि केसपेपरवरचा रकाना यात मात्र पहिले तीन महिने रकाना कोराच राहतो, मग इन्चार्ज सिस्टर मागे लागतात, मग सवय होते. परिणाम चढत जातो. कधी उलटही होतं, प्रशिक्षणाचा उत्साह सहा महिन्यांत ओसरतो.

चढत जाणारा परिणाम या मॉडेलला दिला की काय होतं ते खालच्या तक्त्यात आहे. हे आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत. काळाचा कल दर कालखंडाला 2 (42, 44, 46, 48, 50), आणि उपक्रमाचा परिणाम पहिल्या कालखंडात 2, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 6, चौथ्यात 8. ठळक आकडे उपक्रम सुरू असलेल्या खणांचे.

| गट | 1 | 2 | 3 | 4 | 5 |
|---|---|---|---|---|---|
| पहिला | 42 | **46** | **50** | **54** | **58** |
| दुसरा | 42 | 44 | **48** | **52** | **56** |
| तिसरा | 42 | 44 | 46 | **50** | **54** |
| चौथा | 42 | 44 | 46 | 48 | **52** |

साध्या खणांची सरासरी 44, ठळक खणांची 52. पुन्हा तुमचेच आकडे! पण या जगात उपक्रम काम करतोय: चारही टप्प्यांची सरासरी काढली तर 5 ने, आणि वर्षभरानंतर 8 ने.

याच तक्त्यावर एका पदाचं मॉडेल, रुग्णालयाला स्थिर पद देऊन चालवलं, तर उत्तर येतं बरोबर 1. संगणक लागत नाही, हाताने करता येतं. उपक्रमाच्या 0/1 रकान्यातून गटाची आणि कालखंडाची सरासरी वजा करून एकूण सरासरी 0.5 मिळवली की प्रत्येक खणाचं वजन मिळतं. उपक्रमाला किती कालखंड झाले यानुसार ठळक खणांची वजनं एकत्र करून त्यांच्या एकूण बेरजेने, म्हणजे 1.5 ने, भागली तर पहिल्या कालखंडाला 1.0, दुसऱ्याला 0.3, तिसऱ्याला उणे 0.1 आणि चौथ्याला उणे 0.2 मिळतात. एकूण 1 च होतं, पण शेवटच्या दोघांवर उणे चिन्ह आहे. म्हणून 2 गुणिले 1.0, अधिक 4 गुणिले 0.3, वजा 6 गुणिले 0.1, वजा 8 गुणिले 0.2 म्हणजे 1.0. उपक्रम जितका मुरेल तितकं मॉडेल त्याला उलटं मोजणार. परिणाम 0, 2, 8, 10 असा उशिरा आला असता तर सरासरी 5 असूनही उत्तर उणे 2.2 आलं असतं. उपयोगी उपक्रम पेपरमध्ये हानिकारक ठरला असता.

असं का होतं ते पाचव्या कालखंडात दिसतं. तिथे जुन्या पद्धतीचं एकही रुग्णालय उरलेलं नाही. तरी मॉडेल तो कालखंड वापरतं, कारण चौथा गट नुकताच बदलला आहे आणि त्याची तुलना ते आधीच बदललेल्या गटांशी करतं. परिणाम स्थिर आहे असं सांगितलेलं असल्यामुळे पहिल्या गटाची 54 वरून 58 ही चढण मॉडेलला शुद्ध काळाची वाटते. तक्त्यात खरा कल 42 वरून 50 वर जातो. मॉडेल मात्र 42, 44.25, 47, 50.25, 54 असा कल काढतं. उपक्रमाने कमावलेले 4 अंक काळाच्या खात्यात गेले. अर्थशास्त्रात टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या धोरणांच्या अभ्यासात हाच घोळ गेल्या काही वर्षांत बराच गाजला, आणि स्टेप्ड वेजवर केनी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तो नीट मांडला.

एक खुलासा हवा. वरची वजनं रुग्णालयाला स्थिर पद दिलं तेव्हाची आहेत. रँडम इफेक्ट वापरला तर ती थोडी सौम्य होतात. पण खणात शे-दोनशे बायका असतील आणि रुग्णालया-रुग्णालयांत बऱ्यापैकी फरक असेल, तर बहुधा फार लांब जात नाहीत. शिवाय तुमचा निष्पत्ती-चल हो/नाही असल्यामुळे मॉडेल लॉजिटवर चालेल आणि आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. वागणूक मात्र हीच.

तेव्हा तुमच्यापुढे दोन जगं आहेत. एकात उपक्रमाने काही केलं नाही, दुसऱ्यात तो सावकाश मुरला. कच्च्या सरासऱ्या दोन्हीकडे 44 आणि 52 आहेत, आणि एका पदाचं मॉडेल एकात 0 देतं, दुसऱ्यात 1. म्हणून तेवढ्यावरून जग ओळखता येत नाही. ओळखण्याची सर्वात स्वस्त रीत म्हणजे वरच्यासारखा तक्ता स्वतःच्या आकड्यांचा करायचा आणि फक्त उभी तुलना बघायची, म्हणजे त्याच कालखंडात बदललेले विरुद्ध न बदललेले. दुसऱ्या जगात दुसऱ्या कालखंडात फरक 46 वजा 44, म्हणजे 2. तिसऱ्यात 49 वजा 46, म्हणजे 3. चौथ्यात 52 वजा 48, म्हणजे 4. मॉडेल 1 म्हणतंय आणि उभ्या तीनही तुलना त्याहून मोठ्या, शिवाय चढत्या. हे दिसलं की संशय पक्का. पहिल्या जगात हे तिन्ही फरक शून्याच्या आसपास घोटाळतील. गटवार चार रेषांचा आलेख काढून प्रत्येक रेषेवर बदलाची जागा खूण केलीत तर वाचकालाही हे एका नजरेत कळतं, म्हणून तो आलेख पुरवणीत न टाकता मुख्य पेपरमध्ये ठेवा.

नंतर दुसरं मॉडेल. त्यात उपक्रमाच्या 0/1 ऐवजी उपक्रमाला किती कालखंड झाले हे वर्गवार घालायचं. आरमध्ये दोन्ही असे:

```r
library(lme4)
d$fper <- factor(d$period)
d$et   <- factor(pmax(0, d$period - d$start + 1))

m1 <- glmer(bp30 ~ fper + trt + (1|hosp) + (1|hosp:fper),
            family = binomial, data = d)
m2 <- glmer(bp30 ~ fper + et  + (1|hosp) + (1|hosp:fper),
            family = binomial, data = d)

k   <- grep("^et", names(fixef(m2)))
est <- mean(fixef(m2)[k])
se  <- sqrt(sum(as.matrix(vcov(m2))[k, k])) / length(k)
```

`start` म्हणजे ज्या कालखंडात त्या रुग्णालयाने उपक्रम सुरू करायचा होता तो, चिठ्ठीत निघालेला. प्रत्यक्षात कधी सुरू झाला ते इथे घालायचं नाही. एखाद्या रुग्णालयात प्रशिक्षण दोन महिने लांबलं, तर ते सहसा तिथे नर्सची पदं रिकामी होती किंवा अधीक्षक रजेवर होते म्हणून लांबतं, आणि त्याच कारणाने तिथे रक्तदाबही कमी मोजला जातो. प्रत्यक्ष तारीख घातली की वाईट काळ जुन्या पद्धतीच्या बाजूला सरकतो आणि चिठ्ठीचा फायदा संपतो. प्रशिक्षणाचे दोन-तीन आठवडे संक्रमणकाळ म्हणून वगळायचे असतील तर तेही ठरलेल्या वेळापत्रकानुसार, सगळ्या रुग्णालयांत सारखेच, आणि प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असेल तरच.

`m2` मधून चार आकडे मिळतात, पहिल्या ते चौथ्या कालखंडाचा परिणाम, आणि `est` ही त्यांची साधी सरासरी. चौथ्या आकड्याकडे सावधपणे बघा. तो फक्त पहिल्या गटाच्या तीन रुग्णालयांतून येतो, तोही पाचव्या कालखंडात, जिथे तुलनेला जुन्या पद्धतीचं कुणीच नाही. तिसऱ्या टप्प्याचा अंदाज आधी लागतो आणि त्याच्या आधाराने चौथ्याचा, म्हणून त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल मोठा येणार. पेपरमध्ये 'वर्षभरानंतर परिणाम 8' असं शीर्षवाक्य त्यावर बांधू नका. सरासरीचा इंटरव्हलही `m1` पेक्षा रुंद येईल. लोक इथे घाबरून परत `m1` कडे जातात. `m1` चा अरुंद इंटरव्हल हा गृहीतक मोफत मानून मिळालेला असतो.

`(1|hosp:fper)` हे पद दोन्हीकडे का? फक्त `(1|hosp)` ठेवलं तर आपण म्हणतो की एकाच रुग्णालयातल्या दोन बाया एकाच तिमाहीत आल्या काय किंवा वर्षाच्या अंतराने आल्या काय, त्यांचं साम्य तेवढंच. वास्तवात एका तिमाहीतली टीम एक असते, पुढच्या तिमाहीत सिस्टरची बदली होते, यंत्र बंद पडतं. हे पद नसेल तर स्टँडर्ड एरर खोटी लहान येते, आणि खणात बायका जितक्या जास्त तितकी ती जास्त खोटी. अंदाजसुद्धा थोडा हलेल, कारण हे पद आलं की मॉडेल उभ्या तुलनेवर जास्त विसंबतं. ती चूक नाही. अंतर वाढेल तसं साम्य हळूहळू कमी होतं असं धरायचं असेल तर `glmmTMB` मध्ये `ar1(fper + 0 | hosp)` वापरून पुरवणीत द्या. 5 कालखंडांत त्यातला ऱ्हास नेमका मोजला जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

`boundary (singular) fit: see help('isSingular')` असा संदेश आला तर एखादं व्हेरियन्स शून्यावर चिकटलं आहे. 12 रुग्णालयांत हे सर्रास होतं. पद काढून टाकण्याची गरज नाही, शून्य निघालं असं लिहा. व्हेरियन्सची पी-व्हॅल्यू बघून पद ठेवायचं की काढायचं हे ठरवू नका. ती रचना प्रोटोकॉलमधून यायला हवी.

12 रुग्णालयं ही मोठी अडचण आहे. `glmer` च्या सारांशातली पी-व्हॅल्यू असं धरून चालते की क्लस्टर भरपूर आहेत. चाळीसच्या खाली तिच्यावर भरवसा ठेवू नये, बारावर तर मुळीच नको. साधा मार्ग म्हणजे 12 गुणिले 5, म्हणजे 60 खणांची टक्केवारी घेऊन, रँडम इफेक्ट फक्त `(1|hosp)` ठेवून `lmer` चालवा आणि `lmerTest` मधून `ddf = "Kenward-Roger"` मागा. प्रमाणं 40 ते 60 च्या दरम्यान असताना सरळ टक्क्यांवरचं मॉडेल चांगलं चालतं आणि उत्तर डॉक्टरांना समजणाऱ्या एककात मिळतं. खणांतल्या बायकांच्या संख्येत फार तफावत असेल तर हे खण समान वजनाचे धरणं ही निवड आहे, ती लिहून टाका.

दुसरा मार्ग परम्युटेशन चाचणी. तुमच्या 12 रुग्णालयांचे तीन-तीनचे चार क्रमवार गट 3,69,600 प्रकारे पाडता येतात. त्यातल्या दोन-तीन हजार वाटण्या रँडम काढा, `start` बदलून प्रत्येकीवर `est` पुन्हा काढा, आणि तुमचं खरं `est` त्या गर्दीत कुठे पडतं ते बघा. चिठ्ठी काढताना जिल्हावार स्तर केले असतील तर वाटण्याही त्याच स्तरांत, नाहीतर चाचणी प्रत्यक्ष चिठ्ठीशी जुळत नाही.

आता कोणता आकडा द्यायचा. प्रोटोकॉलमध्ये `m1` मुख्य विश्लेषण म्हणून लिहिलेलं असेल तर तेच मुख्य राहील आणि 1 हाच मुख्य आकडा जाईल. `m2` त्याखाली, 'समीक्षेनंतर जोडलेलं विश्लेषण' असं स्पष्ट लिहून. प्रोटोकॉलमध्ये कालखंडाचा उल्लेखच नसेल, जे फार वेळा दिसतं, तर तसं सांगून दोन्ही शेजारी शेजारी द्या आणि तुम्ही कोणतं मुख्य मानता आणि का ते एका वाक्यात लिहा. निकाल आवडला म्हणून गुपचूप `m2` मुख्य करणं समीक्षकांच्या लक्षात येतं. 44 आणि 52 तक्त्यात राहू द्या, पण त्यांच्यातला फरक आणि पी-व्हॅल्यू काढून टाका. पी-व्हॅल्यू राहिली की गोषवाऱ्यात तीच उचलली जाते.

पद्धतीच्या भागात पुढच्यासारखा मजकूर पुरतो, भाषा तुमच्या जर्नलची: "उपक्रमाचा परिणाम मिश्र लॉजिस्टिक मॉडेलने काढला. कालखंड पाच वर्गांचं स्थिर पद म्हणून घेतला. रुग्णालय आणि रुग्णालयातला कालखंड यांना रँडम इफेक्ट दिले. नोंदींचं वर्गीकरण चिठ्ठीनुसार ठरलेल्या सुरुवातीप्रमाणे केलं. मुख्य मॉडेलमध्ये परिणाम सुरुवातीपासून स्थिर धरला. दुसऱ्या मॉडेलमध्ये तो उपक्रमाच्या कालावधीनुसार बदलू दिला आणि चार टप्प्यांची समान वजनाची सरासरी दिली." शेवटची दोन वाक्यं बहुतेक पेपरांत नसतात, आणि नेमकी तीच वाचणाऱ्याला हवी असतात. 2018 च्या कन्सॉर्ट विस्तारात, जो स्टेप्ड वेजसाठीच आहे, काळाचा परिणाम कसा धरला हे सांगणं, क्लस्टर आणि कालखंडांची आकृती आणि साम्याचा गुणांक या गोष्टी मागितल्या आहेत. त्या तपासून घ्या.

निकालात ऑड्स रेशोवर थांबू नका. उपक्रमातल्या प्रत्येक बाईसाठी मॉडेलमधून दोन अंदाज काढा, तिच्याच रुग्णालयात आणि तिच्याच कालखंडात उपक्रम असताना आणि नसताना, आणि फरकांची सरासरी टक्क्यांत द्या. शिवाय कालखंडांचे अंदाजही तक्त्यात ठेवा. ते लपवायचा कचरा नाहीत. उपक्रम नसतानाही जिल्ह्यात प्रमाण किती वाढलं हे आरोग्य अधिकाऱ्याला हवंच असतं. फक्त दोन्ही मॉडेलमधले कालखंडांचे अंदाज शेजारी ठेवा. ते फार वेगळे असतील, जसे वर 54 आणि 50, तर कल आणि परिणाम यांची अदलाबदल कुठे झाली ते तिथेच दिसतं.

डॉक्टर वाचकांसाठी एक प्रसिद्ध उदाहरण हाताशी ठेवा. ब्रिटनच्या एनएचएसमधल्या 93 रुग्णालयांत पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियांवर ईपॉक नावाची स्टेप्ड वेज चाचणी झाली: 15 भौगोलिक क्लस्टर, 85 आठवडे, लॅन्सेटमध्ये 2019 साली प्रसिद्ध. 90 दिवसांतले मृत्यू जुन्या पद्धतीत 8,482 पैकी 1,393 आणि उपक्रमात 7,374 पैकी 1,210. दोन्हीकडे 16.4 टक्के. तरी दुरुस्तीनंतरचा हॅझर्ड रेशो 1.11 आला, इंटरव्हल 0.96 ते 1.28. कच्ची टक्केवारी सारखी असताना रेशो 1 वरून हलला, याचं गूढ वाटायला नको: उपक्रमाचे रुग्ण नंतरच्या काळातले, आणि त्या काळातले मृत्यू एरवीही कमी झाले असते तर 'सारखेच' हे अपेक्षेपेक्षा थोडं जास्त ठरतं. दुरुस्तीत काळाबरोबर रुग्णांचे घटकही असतात, म्हणून सगळं अंतर काळाच्या नावावर लिहू नये. आणि इंटरव्हलमध्ये 1 असल्यामुळे त्यातून नुकसान झालं असंही म्हणता येत नाही. तुमच्याकडे कच्चा फरक मोठा आणि दुरुस्त फरक छोटा, त्यांच्याकडे कच्चा फरक शून्य आणि दुरुस्त फरक उलट बाजूला. यंत्रणा एकच.

चर्चेच्या भागात तुमचं वाक्य `m2` वर अवलंबून राहील. चारही टप्प्यांचे अंदाज शून्याभोवती असतील तर लिहा की वाढ सगळ्या रुग्णालयांत सोबतच झाली आणि उपक्रमाचा वेगळा वाटा दिसला नाही. अंदाज चढत असतील आणि इंटरव्हल रुंद असतील तर लिहा की परिणाम हळूहळू वाढत असल्याशी हे आकडे सुसंगत आहेत, पण 12 रुग्णालयांत तो पक्का मोजता आला नाही. पहिला टप्पा उंच आणि पुढे उतार असेल तर एका पदाचं मॉडेल तुम्हाला फुगवून सांगतंय, कारण सगळं वजन पहिल्या कालखंडावर आहे. तेव्हा गोषवाऱ्यात 1 ऐवजी मोठा आकडा आला असता आणि समीक्षकांनी कदाचित विचारलंही नसतं.